फोटोवरून ओळखा पोथीचे पान

जुन्या पोथीचा फोटो पाहताना आकारावर विसंबू नये. आधी पानाचा पृष्ठभाग पाहावा. ताडपत्रावर लांबीच्या दिशेने बारीक, समांतर शिरा दिसतात. पान अरुंद असते आणि दोरी ओवण्यासाठी त्याला एक-दोन भोके असतात. दक्षिणेत अक्षरे लोखंडी लेखणीने कोरून त्यात काजळी भरत.

काश्मीरकडच्या भूर्जपत्रावर सालीच्या आखूड, गडद आडव्या रेषा विखुरलेल्या असतात आणि कडेला पातळ पापुद्रे सुटलेले दिसतात. युरोपात रूढ असलेल्या चर्मपत्रावर केसांच्या मुळांचे ठिपके आढळतात. त्याची केसांकडची बाजू पिवळसर, तर मांसाकडची पांढरट असते.

फसगत होते ती हातकागदाबाबत. गुजरात-राजस्थानातील जैन पोथ्या कागदावर लिहिल्या जाऊ लागल्या, तरी ताडपत्राचा आडवा घाट टिकला. भोकाची गरज उरली नाही. त्या जागी मजकुरात मोकळी जागा किंवा लाल ठिपका राहिला. अशा पानावर शिरा नसतात. प्रकाश आरपार जाईल असा फोटो असेल, तर साच्याच्या चाळणीच्या रेषा दिसतात. अंधुक फोटोत मात्र निर्णय राखून ठेवावा.