साठ हजाराची पुडी: किती, कधी आणि थांबायचं कुठे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे तुमच्या रक्ताच्या रिपोर्टवर खाली जिची सही असते ती. आज बोलायचंय व्हिटॅमिन डीबद्दल आणि त्या साठ हजार युनिटच्या पुडीबद्दल, जी आजकाल जवळपास प्रत्येक घरातल्या औषधांच्या डब्यात सापडते.

एका मुलापासून सुरुवात करते. त्याला आपण निखिल म्हणू. वय 27, पुण्यात आयटी सपोर्टला, दोन वर्षं नाइट शिफ्ट. सकाळी सातला घरी, जाड पडदे ओढून झोप, उठेपर्यंत ऊन उतरलेलं. तक्रार काय, तर जिना चढताना मांड्या भरून येतात, खाली बसलं की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठवत नाही, कंबर सारखी ठणकते. त्याला वाटलं, खुर्चीमुळे असेल. रिपोर्ट आला: 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, 9 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर.

आता त्याचा पहिला प्रश्न ऐका. "मॅडम, मी रोज सकाळी ऑफिसच्या बसमध्ये खिडकीशी बसतो, ऊन तर अंगावर येतं की!" येतं, पण त्याचा उपयोग नाही. कातडीत व्हिटॅमिन डी तयार करतात ते सूर्याचे यूव्ही-बी किरण, आणि ते काचेतून जवळजवळ येतच नाहीत. शिवाय सकाळी सातला सूर्य इतका खाली असतो की हे किरण वातावरणातच अडतात. एक साधी खूण सांगते: उन्हात उभे राहा आणि सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तरच काहीतरी पदरात पडतंय. म्हणजे साधारण दहा ते तीनची वेळ. आणि निखिल त्या वेळेला गाढ झोपलेला असतो!

बरं, कमी असलं तर बिघडतं काय? व्हिटॅमिन डी नसेल तर आतडं जेवणातलं कॅल्शियम नीट शोषत नाही. पण रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पातळीला राहावंच लागतं, कारण हृदय आणि नसा त्यावर चालतात. मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त हार्मोन सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम काढायला लावतात. थोडक्यात, पगार येत नाही म्हणून एफडी मोडत राहायची. म्हणूनच निखिलचं कॅल्शियम अगदी नॉर्मल होतं. नुसतं ते बघून "सगळं ठीक आहे" असं म्हटलं असतं तर फसलो असतो. त्याचं पॅराथायरॉइड हार्मोन मात्र वाढलेलं होतं, म्हणजे मोडतोड सुरू झालेली. हे वर्षानुवर्षं चाललं तर हाडं मऊ पडतात आणि मांड्यांचे स्नायू दुबळे होतात.

आता टेस्ट. या नावाच्या दोन टेस्ट असतात आणि इथे गोंधळ होतो. आपल्याला हवी ती 25-हायड्रॉक्सी. ती यकृतात तयार झालेला साठा दाखवते. दुसरी 1,25-डायहायड्रॉक्सी. ते मूत्रपिंडात बनणारं तयार हार्मोन. नाव भारदस्त, किंमतही जास्त, पण साठा संपत आला तरी शरीर ते ओढूनताणून नॉर्मल ठेवू शकतं. त्यामुळे कमतरता ओळखायला ती उपयोगाची नाही. आणि हो, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबमध्ये नक्की सांगा. काही मशिनवर त्यामुळे आकडा खोटाच जास्त दिसतो. डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी त्या बंद ठेवलेल्या बऱ्या.

आकडा हातात आला की डोस ठरतो. 20 च्या खाली म्हणजे कमतरता, यावर बहुतेकांचं एकमत आहे. 20 ते 30 च्या पट्ट्याबद्दल मात्र तज्ज्ञांत वाद आहे. रिपोर्टवर 24 च्या पुढे "अपुरे" छापलेलं दिसलं, तरी निरोगी माणसाने घाबरून पुड्या फोडायची गरज नाही. रोज 1000 युनिट काही महिने घेतले तर आकडा साधारण 7 ते 10 ने वाढतो. म्हणजे 24 वाल्याचं काम एवढ्यात होतं.

निखिल 9 वर होता. त्याला 1000 युनिटने खूप वेळ लागला असता, म्हणून डॉक्टरांनी आधी टाकी भरायचं ठरवलं: आठवड्याला 60,000 ची एक पुडी, आठ आठवडे. एकूण 4,80,000 युनिट. हे व्हिटॅमिन चरबीत विरघळतं, म्हणून पुडी उपाशीपोटी नाही, जेवणानंतर घ्यायची. आणि ते चरबीत साठतंही, म्हणून वजन खूप जास्त असेल तर दोन-तीन पट डोस लागू शकतो. एकाच घरातल्या दोघांना एकच डोस चालेल असं नसतं ते यामुळेच.

पुन्हा टेस्ट कधी? पंधरा दिवसांनी नाही. हा साठा निम्मा व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे आकडा स्थिर व्हायला सुमारे तीन महिने द्यावे लागतात. निखिलने बाराव्या आठवड्यात, त्याच लॅबमध्ये तपासलं, कारण लॅब बदलली की पद्धत बदलते आणि आकडाही थोडा सरकतो. आला 34. पॅराथायरॉइड हार्मोनही खाली आलं होतं, जिना चढणं सोपं झालं होतं. आठवड्याची पुडी बंद, महिन्याला एक सुरू. हिशोब करा: 60,000 भागिले 30, म्हणजे रोजचे 2000. शिफ्ट बदलली नाही तोवर एवढं त्याला पुरेसं. आकडा 34 ऐवजी 14 आला असता, तर पुढची पुडी फोडण्याआधी विचारायचं होतं: पुड्या खरंच घेतल्या का? फिटची औषधं चालू आहेत का? आतड्याचा काही आजार आहे का?

आता ज्यासाठी हा भाग केला ते. आमच्या लॅबमध्ये एका बाईंचा रिपोर्ट आला होता. आठवड्याची पुडी त्या रोज घेत होत्या, दोन महिने. म्हणजे 36 लाख युनिट! व्हिटॅमिन डी 150 च्या वर, कॅल्शियम 13 च्या पुढे. सारखी तहान, सारखी लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, आणि मग गोंधळल्यासारखं बोलणं. घरच्यांना वाटलं ॲसिडिटी आणि अशक्तपणा, म्हणून अशक्तपणासाठी पुडी चालूच ठेवली! त्यांना ॲडमिट करून सलाइन लावावं लागलं. जास्तीचं हे व्हिटॅमिन लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत बसून महिनोन्महिने रक्तात उतरत राहतं.

मग टेस्ट सगळ्यांनी करायची का? नाही. दिवसा बाहेर वावरणाऱ्या निरोगी तरुणाला तिची गरज नसते. पण नाइट शिफ्ट, अंग पूर्ण झाकणारे कपडे, महिनोन्महिने घरात, आणि वर हाडं-मांड्या दुखणं, असं जुळत असेल तर डॉक्टरांशी बोला. मुतखडा होऊन गेला असेल तर तेही आधी सांगा.

आज घरी गेल्यावर एकच काम करा. डब्यातल्या पुड्या बघा, आईला किंवा बाबांना विचारा: "ही कधीपासून घेताय, आणि शेवटची टेस्ट कधी झाली?" उत्तर "आठवत नाही" असं आलं, तर पुढची पुडी फोडण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

भेटू पुढच्या भागात!