वाढीचा आलेख : एक बिंदू पुरेसा नसतो

आमच्या बालरोग विभागात दीड वर्षाच्या एका बालिकेस घेऊन तिची आई आली. बालिकेचे वजन नवव्या महिन्यात ८.२ किलो, बाराव्यात ८.४ व अठराव्यात ८.६ किलो होते. ‘वजन वाढतेच आहे, मग काळजी कशाची?’ असा आईचा प्रश्न होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या मुलींच्या आलेखावर आम्ही हे आकडे मांडले. त्या वयाच्या मध्यम वजनाचा झेड-स्कोअर शून्य मानतात. त्याखाली वजा एक, वजा दोन अशा रेषा असतात. वजा दोनच्या खालचे बालक कमी वजनाचे ठरते. अठराव्या महिन्यात मध्यरेषा १०.२ किलोवर, तर वजा दोनची रेषा ८.१ किलोवर असते. बालिकेचा झेड-स्कोअर सुमारे वजा दीड आला. केवळ हा बिंदू पाहिला असता, तर ती सामान्य गटातच मोडली असती.

परंतु तिन्ही बिंदू जोडताच शून्य, वजा अर्धा, वजा दीड अशी उतरण दिसली. चुकीच्या जन्मतारखेने वा अंगावरील कपड्यांनीही बिंदू सरकतो. म्हणून दोन्ही पडताळून आम्ही पुन्हा वजन केले. झोपवून मोजलेली लांबी ८० सेंटिमीटर, म्हणजे मध्यरेषेजवळ होती. याचा अर्थ, वजन मागे पडले तरी उंची अद्याप खुंटली नव्हती.

आलेख कारण सांगत नाही. ते विचारावे लागते. बालिकेस मुख्यत्वे वरणाचे पाणीच दिले जात होते. घट्ट वरणभात, तूप व अंडे सुरू करून आम्ही पुढील बिंदूसाठी महिन्याने बोलावले.