नळीतून जाणारी खिचडी

फेब्रुवारीतल्या ‘फीडिंग ट्यूब’ जागृती आठवड्यात पालकांच्या मोबाइलवर एकाच प्रकारचे व्हिडिओ फिरतात. घरचं जेवण मिक्सरमधून काढायचं, मोठ्या सिरिंजमध्ये भरायचं आणि बाळाच्या पोटातल्या नळीतून हळूहळू सोडायचं. पाश्चात्त्य देशांत ही नवी लाट आहे. तिथे कित्येक वर्षं डब्यातला तयार फॉर्म्युला हाच नियम होता. ब्रिटनच्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये भूमिका बदलली आणि घरचं जेवण निवडणाऱ्या कुटुंबांच्या पाठीशी आहारतज्ज्ञ उभे राहू लागले.

या बदलामागे आवडीनिवडीपलीकडचं कारणही आहे. अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात 33 मुलांना नळीतून घरगुती अन्न दिलं गेलं. अन्न वर येऊ नये म्हणून या मुलांच्या जठरावर शस्त्रक्रिया झाली होती आणि नंतर त्यांना सतत उमासे येत होते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणात निम्म्याहून अधिक पालकांनी उमासे तीन चतुर्थांशांहून जास्त कमी झाल्याचं सांगितलं. गट लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता आणि मोजमाप पालकांच्या सांगण्यावर होतं. तरीही दाट अन्न पोटात ठरतं, हे पालकांचं म्हणणं त्यानंतर सहज उडवून लावता येईना.

आपल्याकडचं चित्र मात्र उलटं आहे. इथे फॉर्म्युला परवडत नाही म्हणून नळीतून पहिल्यापासून घरचंच जातं: पेज, वरणाचं पाणी, पातळ दूध. नाकातली राईल्स ट्यूब बारीक असते, तिच्यातून उतरावं म्हणून सगळं पातळ केलं जातं. मूल दिवसाला लिटरभर ‘जेवतं’ आणि महिन्याला वजन घटतं. अन्नाचा दाटपणा आणि पोषण हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण घरात ते एकाच भांड्यात सोडवावे लागतात.

उदाहरणादाखल सेरेब्रल पाल्सी असलेली चार वर्षांची, 11 किलो वजनाची मुलगी घेऊ. पोटात 14 फ्रेंच जाडीची गॅस्ट्रोस्टॉमी नळी आहे, शस्त्रक्रियेची जखम भरून आली आहे. आहारतज्ज्ञाने तिला दिवसाला साधारण 850 कॅलरी ठरवून दिल्या आहेत आणि पोट एका वेळी 200 मिली सहन करतं, म्हणजे पाच वेळा मिळून एक लिटर. दिवसाचा शिधा असा: 90 ग्रॅम तांदूळ, 50 ग्रॅम मूगडाळ, 300 मिली गायीचं दूध, 15 ग्रॅम तेल आणि थोडा लाल भोपळा. बेरीज 840 कॅलरींच्या आसपास जाते, प्रथिनंही पुरेशी होतात. कागदावर सगळं जमलं.

गॅसवर ते जमत नाही. तांदूळ-डाळीतला स्टार्च शिजल्यावर पाणी धरतो आणि गार होताना आणखी घट्ट होतो. सिरिंज अडते. आई दर वेळी 100 मिली पाणी घालते, तेव्हा कुठे ते उतरतं. आता एक लिटरचं दीड लिटर झालं, पण पोटात जागा 200 मिलीचीच. उरलेलं टाकून द्यावं लागतं आणि मुलीला दिवसाला 840 ऐवजी 560 कॅलरी मिळतात. कोणीही चुकलेलं नसतं, तरी मूल उपाशी राहतं.

यावरचा सुंदर तोडगा भारतातच अभ्यासला गेला, आणि तो विस्मरणात जावा याचं वाईट वाटतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात मोड आलेल्या धान्याच्या पिठावर काम केलं. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज हे विकर वाढतं आणि ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. घट्ट पेजेत असं थोडं पीठ ढवळलं की काही मिनिटांत ती पातळ होते. पाणी वाढत नाही, कॅलरी कमी होत नाहीत.

पद्धत आपल्या घरांना परकी नाही. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवायची, एक-दोन दिवस मोड आणायचे, कडक वाळवायची, अगदी हलकी गरम करून दळायची. खरपूस भाजली तर विकर मरतं. बाजारातलं नाचणी सत्त्व बऱ्याचदा भाजलेलं असतं, त्यामुळे त्याने पेज पातळ होईलच असं नाही. ज्वारी मात्र टाळावी, तिच्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. खिचडी मिक्सरमधून काढली की वाफ येत असताना, पण उकळी नसताना, वाटीला साधारण चमचाभर पीठ ढवळायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. मग बारीक गाळणीतून गाळून पुन्हा काही मिनिटं उकळायचं. ही उकळी चुकवून चालत नाही, कारण मोड आणताना पिठात जंतूही वाढलेले असतात. दूध आणि तेल शेवटी. स्टार्च तुटल्यावर साखरेचा अंश वाढतो, म्हणून सुरुवातीला एकाच वेळच्या जेवणात देऊन जुलाब होतात का हे पाहावं.

दाटपणा अंदाजाने ठरवू नये. 10 मिलीची सिरिंज घ्यावी, दट्ट्या काढावा, टोक बोटाने बंद करून 10 मिलीपर्यंत भरावं आणि दहा सेकंद सोडावं. गिळण्याचा त्रास असलेल्यांसाठीची ही आंतरराष्ट्रीय चाचणी इथेही उपयोगी पडते. चार मिलीहून कमी उरलं तर मिश्रण नळीतून सहसा आपल्या वजनाने उतरतं. आठहून जास्त उरलं तर ढकलावं लागेल. ढकलायला 60 मिलीचीच सिरिंज हवी, कारण लहान सिरिंजने नळीवर दाब जास्त येतो. अडलं की जोर न लावता कोमट पाण्याने मोकळं करावं. चाचणी अन्न कोमट झाल्यावर करावी, गरम असताना सगळंच पातळ वाटतं.

हे सगळ्या मुलांना लागू नाही. नाकातल्या बारीक नळीतून गाळलेलं मिश्रणही वारंवार अडकतं, आणि नळी आतड्यात सोडलेली असेल किंवा प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर घरचं मिश्रण देऊ नये. फिलिपिन्समधल्या चार रुग्णालयांत बनवलेल्या अशा अन्नाची तपासणी झाली तेव्हा जंतू भरपूर सापडले आणि पोषणही कागदावरच्या हिशेबाशी जुळलं नाही. तिथे स्वयंपाकघर प्रशिक्षित माणसांचं होतं, हे विसरू नये. घरी नियम सोपा आहे: बाहेर ठेवलेलं अन्न दोन तासांत द्यायचं, फ्रीजमधलं 24 तासांत संपवायचं, वीज तासन्‌तास गेली असेल तर टाकून द्यायचं. रात्रभर थेंब-थेंब सोडण्यासाठी हे अन्न नाही.

या शिध्यात एक मोठी उणीव उरतेच. लोह तीन मिलिग्रॅमच्या आसपासच भरतं, आयसीएमआरची त्या वयाची शिफारस मात्र 11 मिलिग्रॅमची आहे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही कमी पडतं, आणि मीठ घालायचं राहिलं तर सोडियमसुद्धा. म्हणून लोहाचे आणि जीवनसत्त्वांचे थेंब डॉक्टरांनी ठरवावेत. ते अन्नात न मिसळता वेगळे द्यावेत आणि आधी-नंतर नळी पाण्याने धुवावी. सुरुवातीला दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन, पुढे महिन्याला वजन आणि दंडाचा घेर, तीनेक महिन्यांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन, ड जीवनसत्त्व आणि सोडियमची तपासणी. लघवी गडद आणि कमी होऊ लागली तर पाणी कमी पडतंय. सलग दोन आठवडे वजन उतरलं, तर आधी भांड्यात शेवटी किती मिली तयार होतं ते मोजावं.