ईदची तारीख आणि भिंतीवरचे कॅलेंडर

बाजारातून आणलेल्या कॅलेंडरात सगळ्या सुट्ट्या एकाच लाल रंगात छापलेल्या असतात. १ मे जसा लाल, तशीच बकरी ईदही लाल. पण या दोन तारखांमध्ये फरक आहे. १ मे हलत नाही. ईद मात्र चंद्र दिसल्यावर ठरते. छापलेल्या लाल चौकटीवर विसंबून रेल्वेचे तिकीट काढले, रजेचा अर्ज दिला आणि ईद एक दिवस पुढे गेली की घरात धावपळ होते. म्हणून घरच्या घरी कॅलेंडर करायचे, तर हा फरक त्याच्या चौकटीतच दिसला पाहिजे, असे आम्हाला वाटते. घरात संगणक आणि एक्सेल असेल तर हे काम एका दुपारचे आहे. उदाहरणासाठी मे २०२६ घेऊ.

या महिन्यात ईद-उल-अजहा २७ किंवा २८ तारखेला येते. १७ मेच्या संध्याकाळी जिल्हिज्जचा चंद्र दिसला तर १८ मे ही जिल्हिज्जची पहिली तारीख आणि २७ मे, बुधवारी ईद. चंद्र १८ मेला दिसला तर ईद गुरुवारी, २८ मेला. म्हणजे कॅलेंडरात तीन खुणा हव्यात: १७ तारखेच्या चौकटीत छोटी चंद्रकोर, आणि २७ व २८ या दोन्ही चौकटी फिक्या हिरव्या. स्थानिक चाँद कमिटीची घोषणा झाली की खऱ्या तारखेवर गडद हिरवे पेन फिरवायचे आणि दुसरी तशीच सोडायची. बकरी ईदला घोषणेनंतर नऊ-दहा दिवस मिळतात. ईद-उल-फित्रला मात्र एकच रात्र मिळते, म्हणून तिथे दोन फिक्या चौकटींची गरज अधिक.

आता कागदाची वाटणी. ए-थ्री कागद उभा धरला तर २९७ मिमी रुंद आणि ४२० मिमी उंच असतो. दोन्ही बाजूंना १२ मिमी सोडले की २७३ मिमी उरतात. सात वारांना प्रत्येकी ३९ मिमी. वर टांगण्यासाठी २० मिमी, मग १८२ मिमी उंचीचा आडवा फोटो, ८ मिमी मोकळी जागा, महिन्याच्या नावाला २० आणि वारांच्या ओळीला १० मिमी. खाली १२ मिमी समास सोडून चौकटींना १६८ मिमी राहतात.

या १६८ मिमीमध्ये पाच आठवडे बसवायचे की सहा, हा खरा प्रश्न. २०२६ चा फेब्रुवारी रविवारी सुरू होऊन चार ओळींतच संपतो. मे शुक्रवारी सुरू होतो, त्यामुळे ३१ तारीख एकटी सहाव्या ओळीत जाते, ऑगस्टच्या ३० आणि ३१ या दोन तारखाही. छापील कॅलेंडरांत अशा वेळी २४ आणि ३१ एकाच चौकटीत कोंबतात. तसे केले की लिहायला जागा उरत नाही. आम्ही बाराही महिन्यांना सहा ओळी ठेवतो. प्रत्येक आठवड्याला २८ मिमी मिळतात आणि फोटोची जागा वर्षभर तीच राहते.

एक्सेलमध्ये पानाचा आकार ए-थ्री, उभा ठेवावा. पहिल्या दोन ओळी फोटोसाठी रिकाम्या, प्रत्येकी २५८ पॉइंट उंच. एक ओळ ४०९ पॉइंटपेक्षा उंच होत नाही, म्हणून दोन लागतात. तिसऱ्या ओळीत महिन्याचे नाव, चौथीत रविवारपासून वार. पाचव्या ओळीपासून प्रत्येक आठवड्याला दोन ओळी: वरची तारखेची, २८ पॉइंट, खालची सणाच्या नावाची, ५१ पॉइंट. चौकटींच्या बाहेर J1 मध्ये महिन्याची पहिली तारीख टाकावी. मग A5, B5 आणि A6 मध्ये अनुक्रमे:

```
=$J$1-WEEKDAY($J$1)+1
=A5+1
=IFERROR(VLOOKUP(A5,$J$3:$K$30,2,FALSE),"")
```

B5 उजवीकडे G5 पर्यंत आणि A6 हे G6 पर्यंत ओढावे. तारखा मोठ्या संख्येच्या रूपात दिसल्या तर चौकटीचे फॉरमॅट `d` करावे. A7 मध्ये `=G5+1` लिहून पुढचा आठवडा त्याच रीतीने भरावा आणि सातवी-आठवी ओळ जोडीने खाली उतरवत सोळाव्या ओळीपर्यंत न्यावी. मे २०२६ साठी A5 मध्ये २६ (एप्रिल) आणि F5 मध्ये १ आले, म्हणजे गणित बरोबर.

सुट्ट्यांची यादी J3 पासून: J मध्ये तारीख, K मध्ये नाव, L मध्ये "पक्की" किंवा "चंद्र". १ मे पक्की. २७ आणि २८ मे दोन्ही चंद्र. १ मे २०२६ ला महाराष्ट्र दिन आणि बुद्ध पौर्णिमा एकत्र आहेत. वरचे सूत्र पहिलेच नाव उचलते, म्हणून दोन्ही नावे एकाच ओळीत लिहावीत. १७ मेच्या ओळीत नावाच्या जागी "चंद्र पाहणे" लिहून L रिकामा ठेवावा, म्हणजे चौकट रंगणार नाही. चंद्रकोर छपाईनंतर हाताने काढावी.

रंगासाठी A5 ते G5 निवडून `Conditional Formatting` मध्ये तीन नियम द्यावेत: शेजारच्या महिन्याच्या तारखा करड्या अक्षरात, पक्क्या सुट्ट्या गडद, चंद्राच्या फिक्या.

```
=MONTH(A5)<>MONTH($J$1)
=COUNTIFS($J$3:$J$30,A5,$L$3:$L$30,"पक्की")>0
=COUNTIFS($J$3:$J$30,A5,$L$3:$L$30,"चंद्र")>0
```

हे रूप `Format Painter` ने खालच्या तारखांच्या ओळींना द्यावे. रविवारचा आकडा लाल, जुम्याचा हिरवा. याहून अधिक रंग नकोत, नाहीतर फिकी चौकट नजरेत भरत नाही.

एखादी सुट्टी रंगलीच नाही तर यादीतील तारीख पाहावी. ती चौकटीत डावीकडे चिकटली असेल तर एक्सेलने तिला तारीख न मानता साधी अक्षरे मानले आहे. काही संगणकांवर 1/5/2026 हे ५ जानेवारी होते. म्हणून `1-May-2026` असे लिहावे.

शब-ए-बरात, शब-ए-कद्रसारख्या रात्रींबाबत आणखी एक काळजी हवी. इस्लामी तारीख मगरिबला बदलते, कॅलेंडरची चौकट मध्यरात्री. १५ शाबान ज्या चौकटीत येते, तिची रात्र आदल्या चौकटीत सुरू झालेली असते. म्हणून नाव आदल्या तारखेखाली "मगरिबनंतर" असे जोडून लिहावे. आणि मागच्या वर्षाची यादी उतरवू नये. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने सगळे सण तितके अलीकडे सरकतात.

फोटो आडवा हवा, तीनास दोन या प्रमाणात. उंच मिनाराचा उभा फोटो या जागेत बसवला तर शिखर कापले जाते. समुद्रातून दिसणारा जंजिरा किंवा दुरून टिपलेला बीबी का मकबरा नीट बसतो. २७३ मिमी रुंदीत फोटो स्वच्छ यायला आडवे निदान २१५० पिक्सेल हवेत. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो. तोच `Document` म्हणून मागवावा.

छापायला देताना यादी सोडून A1 ते G16 एवढाच भाग `Print Area` म्हणून ठरवून पीडीएफ करावी आणि दुकानात तीच द्यावी. एक्सेलची फाइल दिली तर तिथल्या संगणकावर मराठी अक्षरे आणि ओळींची उंची बदलू शकते. छापताना `Actual size` निवडायला सांगून एक चौकट पट्टीने मोजावी. ३९ मिमी भरली पाहिजे. कागद जाड पण मॅट घ्यावा. चकचकीत कागदावर फोटो खुलतो, मात्र पेनाची शाई पसरते, आणि चंद्र दिसल्याच्या रात्री याच कागदावर ईदची चौकट रंगवायची असते.