अनुवादाची वाचन-प्रत

मराठी कथेचा इंग्रजी अनुवाद छपाईस योग्य झाला, म्हणजे तो ध्वनिमुद्रणासही योग्य झाला असे नाही. छापील पानावर डोळा मागे वळू शकतो. कानाला ती सोय नसते. म्हणून ऑडिओबुकच्या निवेदकासाठी वाचनाची स्वतंत्र प्रत तयार करावी लागते.

उदाहरणादाखल भिलाईच्या पोलाद कारखान्यात काम करणाऱ्या एका मराठी कुटुंबाची कथा कल्पू. नायकाचे आडनाव काळे. इंग्रजीत ते के-ए-एल-ई असे लिहितात, आणि मराठी न जाणणारा निवेदक ते ‘केल’ या पालेभाजीसारखे वाचतो. दाते आणि मोरे या आडनावांचीही हीच गत होते. शेजारच्या दुर्गचे नाव जुन्या इंग्रजी कागदपत्रांत डी-आर-यू-जी असे आढळते. कथेतील जुन्या पत्रात ते तसेच ठेवले, तर श्रोत्याला औषधाचे नाव ऐकू येईल. यासाठी प्रतीसोबत उच्चारांची यादी जोडावी: काळे म्हणजे KAH-lay, भिलाई म्हणजे bhi-LAH-ee. ‘ळ’ हा ध्वनी इंग्रजीत नाही. तेथे ‘ल’ चालवून घ्यावा. उच्चार आरंभापासून अखेरपर्यंत एकच राहणे अधिक महत्त्वाचे.

संख्यांचे तसेच. कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली. त्या काळातील काळे आपला पगार ‘दीडशे’ सांगतो. अनुवादात 150 हा अंक असेल, तर निवेदक ‘वन फिफ्टी’ म्हणेल की ‘अ हंड्रेड अँड फिफ्टी’, हे अनिश्चित राहते. म्हणून वाचन-प्रतीत संख्या अक्षरी लिहावी. तेच 1,50,000 चे: पात्राच्या तोंडी ‘लाख’ ठेवायचा की ‘थाउजंड’, हे अनुवादकानेच ठरवावे.

सर्वांत मोठी अडचण संवादांची. ‘मी निघते.’ ‘थांब, मीही येतो.’ येथे क्रियापदावरूनच कोण बोलले ते कळते. इंग्रजीत हा लिंगभेद नाहीसा होतो. पानावर नवा परिच्छेद मदतीस येतो, पण तो ऐकू येत नाही. अशा ठिकाणी बोलणाऱ्याचे नाव वाक्याच्या आरंभी किंवा पहिल्या विरामापाशी आणावे. ‘ती कुजबुजली’ हे शब्द लांब संवादाच्या शेवटी आले, तर निवेदक तोवर मोठ्या आवाजात वाचून मोकळा झालेला असतो आणि मुद्रण पुन्हा करावे लागते. मात्र प्रत्येक वाक्याला ‘ही सेड’ जोडू नये. ती पुनरुक्ती डोळ्यापेक्षा कानाला अधिक बोचते. दोघांचे स्वर स्पष्टपणे भिन्न असतील, तर तीन-चार वाक्ये नावाविना चालतात.

प्रत तयार झाल्यावर, कथा न वाचलेल्या एखाद्या व्यक्तीला ती मोठ्याने वाचून दाखवावी. कागद तिच्या हाती देऊ नये. ‘हे कोण बोलले?’ असे ती जेथे विचारील, तेथे दुरुस्ती हवी.