टाकी भरलेली, तरी नळाला धार बारीक? प्रेशर नेमकं कुठे अडतं ते असं शोधतात

मुंबईच्या उपनगरांतल्या बहुतेक जुन्या इमारतींत पाण्याचा प्रवास एकसारखाच असतो. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळी तळटाकीत येतं, पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि तिथून ते उभ्या पाइपमधून स्वतःच्या वजनानेच खाली घरोघरी उतरतं. या उतरत्या पाइपला प्लंबर ‘डाउनटेक’ म्हणतात.

म्हणजे तुमच्या नळाचं प्रेशर पंप ठरवत नाही, उंची ठरवते. टाकीतल्या पाण्याची पातळी नळाच्या १० मीटर वर असेल, तर नळापाशी साधारण १ बार प्रेशर मिळतं. एक मजला सुमारे ३ मीटरचा धरला, तर प्रत्येक मजला खाली उतरताना ०.३ बार वाढतं. म्हणूनच सर्वात वरच्या मजल्याची धार सर्वात कमजोर असते.

मुलुंडमधल्या आमच्या चार मजली, जुन्या जीआय पाइपच्या इमारतीत मात्र उलटं झालं. किचनच्या लाइनवर चौथा मजला मजेत आणि खालचे तिन्ही मजले कोरडे! पहिल्या मजल्यावर १० लिटरची बादली भरायला चार मिनिटं लागत होती. तळमजल्यावरच्या दुकानांची लाइन वेगळी, त्यांना काहीच त्रास नव्हता. सोसायटीत दोन गट पडले. एक म्हणत होता, अख्खी लाइन बदला. दुसरा म्हणत होता, आपापल्या घरात बूस्टर पंप लावा.

मग वर्षानुवर्षं इथलं काम बघणारे प्लंबर काका आले. सोबत एक नवा पोरगा होता, शिकाऊ. त्याने आल्या आल्या पान्हा काढला, नळ खोलायला. काका म्हणाले, “थांब. आधी विचार, कधीपासून?”

हा प्रश्न महत्त्वाचा होता. जीआय पाइप आतून गंजतो, गंजाचे थर चढतात आणि भोक बारीक होत जातं. पण ते वर्षानुवर्षं हळूहळू होतं. आमच्याकडे प्रेशर एका आठवड्यात पडलं होतं. “गंज असा एका रात्रीत येत नाही,” काका त्याला म्हणाले. “काहीतरी हललंय किंवा कोणीतरी काहीतरी हलवलंय.”

नळ बंद असताना आणि चालू असताना

काकांनी पिशवीतून प्रेशर गेज काढला. त्यांच्याकडे ० ते २.५ बारचा होता. १० बारचा गेज इथे चालत नाही, कारण इतक्या कमी प्रेशरला त्याचा काटा जेमतेम हलतो. पहिल्या मजल्यावर वॉशिंग मशीनच्या नळाला गेज लावला आणि लाइनवरच्या सगळ्या घरांना पाच मिनिटं नळ बंद ठेवायला सांगितलं. काटा १.३५ वर थांबला.

पोरगा म्हणाला, “काका, प्रेशर तर बरोबर आहे!”

हिशोबही जुळत होता. टाकीतली पातळी जमिनीपासून १७.५ मीटरवर, हा नळ ४ मीटरवर, म्हणजे फरक १३.५ मीटर.

“आता सिंकचा नळ उघड.” नळ उघडला आणि काटा धपकन ०.२ वर आला.

सगळं कोडं इथेच आहे. पाणी थांबलेलं असताना पाइपमध्ये कितीही अरुंद जागा असली, तरी प्रेशर पूर्ण पोहोचतं. पाणी वाहू लागलं की त्या अरुंद जागेत ते खर्च होतं. मोबाइलला नेटवर्कच्या सगळ्या कांड्या दिसतात, पण व्हिडिओ लावला की गोल चक्र फिरत बसतं, तसंच. नळ बंद असताना काटा बरोबर आणि उघडल्यावर आपटतो, याचा अर्थ उंची पुरेशी आहे, वाटेत अडथळा आहे.

गळती असती तर? तेही तपासलं. टाकीचा व्हॉल्व्ह आणि सगळे नळ बंद करून १५ मिनिटं काटा बघितला. गळती असती तर तो हळूहळू उतरला असता. तो हलला नाही.

अर्ध्यातून अर्धं

पोरगा गच्चीपासून पाइप ठोकत खाली यायला निघाला. काकांनी त्याला अडवलं. “दोन टोकं बघ. मग मधलं.”

चौथ्या मजल्यावर बंद नळाला ०.४५, उघडल्यावर ०.४. ठीक. पहिला मजला खराब, हे माहीत होतंच. मधला दुसरा मजला बघितला, तोही खराब. मग तिसरा: बंद असताना ०.७५, उघडल्यावर ०.१. म्हणजे अडथळा चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या जोडांच्या मधल्या तीन मीटरमध्येच होता.

कोडिंग शिकणाऱ्यांनी हे ओळखलं असेल: ही बायनरी सर्च आहे. दर वेळी मध्यावर मोजायचं आणि निम्मा भाग बाद करायचा. १६ मजल्यांची इमारत असती, तरी चारेक मोजण्यांत जागा सापडली असती. अट एकच: मोजताना बाकी कोणी नळ उघडायचा नाही, नाहीतर आकडे फसवतात.

सापडलं काय?

त्या तीन मीटरमध्ये, मागच्या डक्टमध्ये एक जुना गेट व्हॉल्व्ह होता. काकांनी पोराला त्याचं चाक फिरवायला लावलं. चाक फिरतच राहिलं. ना बंद होताना अडलं, ना उघडताना.

चांगला गेट व्हॉल्व्ह दोन्ही टोकांना अडतो. आतली पितळी झडप दांड्याला अडकलेली असते. चाक फिरवलं की ती वर-खाली होते. दांडा झिजला की झडप सुटून खाली बसते आणि चाक नुसतं गरगर फिरतं. चौकशी केल्यावर कळलं की आठवड्याभरापूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या कामासाठी कोणीतरी हा व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा ‘उघडला’ होता. चाक उघडलं, झडप खालीच राहिली. तिच्या जागेवर गंज साचल्याने ती पूर्ण बसली नव्हती, म्हणून थोडं पाणी येत होतं.

लाइन रिकामी करून तिथे बॉल व्हॉल्व्ह बसवला. त्याची मूठ पाइपच्या रेषेत असली की उघडा, आडवी असली की बंद, लांबूनही दिसतं. लाइन पुन्हा भरताना काकांनी सर्वात खालचा नळ उघडा ठेवला, आत अडकलेली हवा निघून जावी म्हणून. नंतर पहिल्या मजल्यावर नळ चालू असताना काटा १.२ वर राहिला आणि बादली ५० सेकंदांत भरली.

बूस्टर पंप लावला असता तर?

अडथळा तसाच राहिला असता. त्यातून येणारं मोजकं पाणी पंप लावलेल्या घराने ओढलं असतं आणि बाकीच्या घरांचं आणखी कमी झालं असतं. शिवाय पंप ओढतो तेव्हा पाइपमधलं प्रेशर शून्याच्याही खाली जाऊ शकतं आणि सैल जोडांमधून बाहेरची घाण आत खेचली जाते.

तुमच्याकडे धार बारीक झाली, तर प्लंबरला फोन करण्याआधी तीन गोष्टी टिपून ठेवा: कधीपासून, कोणत्या मजल्यांवर आणि बादली भरायला किती सेकंद (मोबाइलचं स्टॉपवॉच पुरेसं आहे). एकाच घरात एकाच नळाला त्रास असेल, तर आधी त्या नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा. टाकी रिकामी होऊन भरल्यानंतर नळ फुसफुसत असेल, तर लाइनमध्ये हवा अडकल्याचा संशय घ्या. आणि वरचा मजला ठीक, खालचे खराब असं दिसलं, तर दोघांच्या मधला व्हॉल्व्ह आधी बघायला सांगा.