अर्ज ते नेमणूक (भाग ७): खोली दाखवायची की पसारा?

समजा, भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात एका बाईनं सहा वर्षं हिशेब सांभाळले आहेत. उलाढाल १२ कोटींची, माणसं चाळीस, आणि अकाउंट्सला ती एकटीच. खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँक, जीएसटी, टीडीएस, पगार, पीएफ, शिवाय बँकेला दर महिन्याला जाणारं स्टॉक स्टेटमेंट. आता तिला नोकरी बदलायची आहे आणि समोर दोन जाहिराती आहेत. चाकणच्या एका मोठ्या कंपनीला जीएसटी एक्झिक्युटिव्ह हवा आहे. तळेगावला नव्यानं उभ्या राहणाऱ्या पंचवीस माणसांच्या युनिटला ‘अकाउंट्स-अॅडमिन’ सांभाळणारं कोणीतरी हवं आहे.

तिचा आताचा रेझ्युमे दोन्हीकडे पडेल. त्यात चौदा कामांची यादी आहे आणि प्रत्येकाला एक ओळ. पेटी कॅश आणि जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र एकाच मापाच्या अक्षरांत शेजारी शेजारी बसलेत. वाचणाऱ्याला वाटतं, बाईंनी सगळ्याला हात लावलाय, पण पूर्ण जबाबदारी कशाची होती?

चाकणच्या विभागात सात-आठ जण असणार. बिलं पास करणारा वेगळा, पगार एचआरकडे, टीडीएस तिसऱ्याकडे. त्यांना एकच भोक बुजवायचं आहे. म्हणून तिथल्या रेझ्युमेत निम्म्याहून अधिक जागा जीएसटीला द्यावी, आणि ती पोकळ शब्दांनी भरू नये. ‘जीएसटीचं उत्तम ज्ञान’ हे कोणीही लिहितं. त्याऐवजी लिहावं: दरमहा सुमारे दीडशे खरेदी बिलं जीएसटीआर-२बीशी ताडून पाहिली, पुरवठादारानं विवरणपत्रात बिल दाखवलेलं नसेल तर त्याचं क्रेडिट रोखून पाठपुरावा केला. १ ऑक्टोबर २०२२ पासून दहा कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस बंधनकारक झालं, तेव्हा टॅलीतून ते सुरू केलं. विभागाकडून छाननीची नोटीस आली असेल आणि उत्तराचा मसुदा तिनंच केला असेल, तर ती ओळ सगळ्यात वर. पगार, पीएफ आणि बँक एका ओळीत आटपावं. लपवायची गरज नाही.

तळेगावला हाच रेझ्युमे पाठवला, तर मालकाच्या मनात पहिला प्रश्न येईल, मग पगार कोण काढणार? तिथे पसारा दाखवायचा, पण यादीनं नव्हे. मला महिन्याच्या तारखांनी दाखवणं सगळ्यात पटतं. ७ तारखेपर्यंत टीडीएस, ११ पर्यंत जीएसटीआर-१, १५ पर्यंत पीएफ, २० पर्यंत जीएसटीआर-३बी. या चारही तारखा एकटीनं सहा वर्षं सांभाळल्या आणि त्यातच पगारही वेळेवर झाले, असं दोन ओळींत आलं की मालकाला हवं ते दिसतं: एक विषय दुसऱ्याला अडवत नाही. वर्षाअखेरीस ताळेबंद कुठपर्यंत तयार करून सीएकडे दिला, हेही लिहावं. छोट्या मालकाचं बरंचसं लक्ष तिथेच असतं, कारण उरलेल्या कामाची फी त्यालाच द्यायची असते.

दोन्हीकडे सहा वर्षं तीच आहेत, फक्त मांडणी बदलली. पण मांडणीला एक मर्यादा आहे. खोली रेझ्युमेत उसनी आणता येत नाही. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते. पहिला प्रश्न ‘२बीशी ताळा कसा घेता’ हा असतो, त्याचं उत्तर पाठ करता येतं. दुसरा असतो, ‘क्रेडिट घेऊन झालं आणि पुरवठादारानं नंतर क्रेडिट नोट काढली, तेव्हा काय केलंत?’ कारखान्यात जीएसटी खरोखर बाहेरचा सल्लागार भरत असेल आणि ही फक्त बिलं पाठवत असेल, तर ती इथे थांबेल. तसं असेल तर चाकणच्या अर्जावर वेळ न घालवलेला बरा. एसएपीचंही तेच. जाहिरातीत ते ‘असल्यास प्राधान्य’ असेल तर टॅलीवाल्यानं अर्ज करावा. ‘आवश्यक’ असेल तर बहुतेक वेळा पहिल्या चाळणीतच गळती होते, आणि क्लासचं प्रमाणपत्र रोजच्या वापराची जागा घेत नाही.

खरा गोंधळ होतो तो जाहिरातीच्या नावानं. वर ‘जीएसटी एक्झिक्युटिव्ह’ लिहिलेलं असतं आणि खाली कामांत पगार, वसुलीचे फोन, ट्रान्सपोर्टरची बिलं आणि ‘संचालकांना थेट रिपोर्टिंग’ असतं. नाव तज्ज्ञाचं, काम सर्वांगाचं. तिथे तळेगावचाच रेझ्युमे पाठवावा, फक्त जीएसटीची ओळ वर चढवून. उलट, कामं मोघम लिहिलेली असतील तर अर्जाआधी एचआरला फोन करून एवढंच विचारावं, ‘अकाउंट्सला सध्या किती जण आहेत?’ ‘आठ’ आलं तर एक फाइल, ‘तुम्ही आणि आठवड्यातून एकदा येणारे सीए’ आलं तर दुसरी.